कोटाची बाकी

आमच्या आजाच्या काळात शिंप्याकडं वही नव्हती. तो घरी येऊन ओसरीवर बसायचा, सुताला गाठी मारून माप घ्यायचा आणि शिलाईचं धान्य सुगीला खळ्यावरून न्यायचा. पुढं बाजारच्या गावी मशिनीची दुकानं झाली, शिलाई रोखीवर आली, तशी वहीही आली.

1978 साली थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. नवरदेवाचा कोट आपल्याकडून, म्हणून वडील मला घेऊन टेलरकडं गेले. त्यानं पावतीपुस्तक काढलं. एका नंबराच्या दोन पावत्या, एक आपली, एक त्याची. दोन्हींवर कापडाचा तुकडा टाचला. पण लगीनसराईत एकाच ताग्यातलं कापड दहा जण आणतात, तेव्हा तुकडा बघून काही कळत नाही. म्हणून तोच नंबर कापडालाही चिठ्ठी लावून टाचला. मग उंची, छाती, खांदा, बाही, अशी मापं नेहमी एकाच क्रमानं लिहिली. क्रम मोडला की छातीचा आकडा कंबरेला जातो.

शिलाई 45 रुपये ठरली. 20 आगाऊ घेतले, कारण अस्तर, कॅनव्हास, बटणं त्याला आधी आणावी लागत. ट्रायल लग्नाच्या दहा दिवस आधीची धरली. ट्रायलला कोट कच्च्या टाक्यांवर असतो, खांदा-बगल तेव्हाच सुधारता येते. अस्तर बसल्यावर सगळं उसवावं लागतं. ट्रायलला नवरदेव आले, बगलेत कोट आवळत होता. शिवणीत माया ठेवली होती म्हणून निभावलं. टेलरनं मापाशेजारीच "बगल सैल" असं लिहिलं.

कोट न्यायच्या दिवशी भुईमूग विकला गेला नव्हता. बाकी दिल्याशिवाय कपडा द्यायचा नाही, हा दुकानाचा नेम. पण लग्न थांबतंय का? टेलरनं कोट दिला आणि वहीत लिहिलं, "माल नेला, बाकी 25." माल नेला ही एक गोष्ट आन् पैसे फिटले ही दुसरी. दोन्हीला मिळून एकच खूण केली असती तर त्याची बाकी तिथंच बुडाली असती.

पुढं एका बाजारी वडिलांनी 15 रुपये दिले. टेलर जेवायला गेला होता, पैसे त्याच्या पोरानं घेतले, लिहिले नाहीत. महिन्यानं वडील 10 द्यायला गेले, तर वही म्हणते 25. पोराला काही आठवंना. आमची पावती तर कोट आणला त्याच दिवशी चुलीत गेलेली.

वडील रागानं लाल झाले, पण बोलले एवढंच, "लिहिलं नाही, म्हंजी दिलं नाही." ते 15 त्यांनी पुन्हा भरले. त्या दिवसांत रोजगारी बाईला दिवसाला दोन-तीन रुपये मिळायचे, त्यावरून समजा.

तेव्हापासून आमच्या घरात कपडा आला तरी पावती खुंटीवरच राहायची. हप्ता दिला की तारीख आणि रक्कम दोन्ही पावत्यांवर लिहून घ्यायची. शेवटची बाकी फिटली की मगच ती फाडायची.