कापडगिरणीचं पाणी आणि उंदराचा मेंदू

बेंगळुरूत बोअरवेलचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या आतून पांढरा थर चढतो. पाण्याचा हा जडपणा मोजायचं प्रॅक्टिकल ज्यांनी बी.एस्सी.ला केलं असेल, त्यांना ईडीटीए नक्की आठवेल. ब्युरेटमधून ते थेंब थेंब सोडायचं आणि फ्लास्कमधला लालसर रंग निळा झाला की हात थांबवायचा. याच शहरात, जीकेव्हीकेच्या आवारातल्या एनसीबीएस या संस्थेत मेहराब मोदी, आशेष धवळे आणि उपिंदर भल्ला यांनी जागत्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी शिकताशिकता उजळताना पाहिल्या. त्यांचा निबंध 2014 साली ‘ईलाइफ’मध्ये आला. त्या पेशींत भरलेला रंग म्हणजे ईडीटीएचा पणतू, असं माझं म्हणणं आहे.

ईडीटीए जन्मलं ते कापड रंगवण्याच्या धंद्यासाठी. जड पाण्यातलं कॅल्शियम रंगात मिसळलं की कापडावर डाग पडतात. त्यावर सायट्रिक आम्ल वापरत, पण ते जर्मनीला बाहेरून आणावं लागे. 1935 च्या सुमारास आय. जी. फार्बेनच्या फर्डिनांड म्युन्झने त्याला पर्याय म्हणून हा रेणू बनवला. त्याचे चार आम्लगट कॅल्शियमच्या आयनाला खेकड्यासारखे चहूकडून आवळतात. पुढे झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाखने त्यावर जडपणा मोजायची पद्धत बसवली आणि तीच आपल्या प्रॅक्टिकलच्या वहीत आली.

पाणी मऊ करणारा रेणू पेशीत मात्र निरुपयोगी ठरतो, कारण तो मॅग्नेशियमलाही धरतो. स्वस्थ चेतापेशीत मॅग्नेशियम कॅल्शियमच्या काही हजार पट असतं, त्यामुळे हात आधीच भरलेले. ईजीटीए या भावंडाची पकड कॅल्शियमच्या मापाची होती, पण पेशीच्या आम्लतेला त्याच्या नायट्रोजनवर प्रोटॉन बसलेले असत. ते सोडल्याशिवाय कॅल्शियम धरता येत नसे, म्हणून ते संथ. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या रॉजर त्सियेनने ईजीटीएच्या सांगाड्यात दोन बेंझिनची कडी घातली आणि प्रोटॉनची अडचण गेली. हे 1980 चं बाप्टा. बेंझिनमुळे रेणू प्रकाश शोषू लागला, आणि कॅल्शियम बसलं की ते शोषण बदलू लागलं. पुढल्याच वर्षी त्याने चारही आम्लगटांवर एस्टरचे मुखवटे चढवले. मुखवट्यानिशी रेणू पेशीच्या पडद्यातून सहज आत जातो. आतली विकरं मुखवटे कापतात आणि रेणू अडकून बसतो. याच बाप्टाला चमकणारा रंग जोडला की ऑरेगॉन ग्रीन बाप्टा होतं. एनसीबीएसच्या उंदरांत भरलं होतं ते हेच.

आता प्रतिस्पर्धी दावा. बहुतेक पुस्तकं ही कथा जेलीफिशपासून सुरू करतात. 1961 मध्ये ओसामु शिमोमुराने अमेरिकेच्या फ्रायडे हार्बरला जेलीफिशचा अर्क मोरीत ओतला, तिथल्या समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियमने तो लखलखला आणि एक्वोरिन सापडलं. किस्सा झकास आहे. पण पुढे काय झालं ते पाहा. कॅल्शियम लागताच हे प्रथिन विझून जाई, म्हणून ते गोळा करता येईना. शिमोमुराने ते वाचवलं ईडीटीएच्या द्रावणात! शिवाय 1966 मध्ये जॉब्सिस आणि ओ'कॉनर यांनी बेडकाच्या जातभाईच्या स्नायूतलं कॅल्शियम मोजलं ते म्युरेक्साइडने, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम मोजायला प्रयोगशाळेत वापरतात त्याच रंगाने. एकदा पाण्याची बाटली, एकदा स्नायू. मला ही साखळी योगायोगाची वाटत नाही.

या कुळाकडे पाहिलं की तंत्राच्या मर्यादाही उलगडतात. रंग मुळात कॅल्शियम पकडणाराच आहे. चेतापेशीने एक स्पंद दिला की जेमतेम मिलिसेकंदभर विद्युत खळबळ होते. त्यासरशी दारं उघडून बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं, रंगाला चिकटतं, आणि ते सुटून पंपाने बाहेर जाईपर्यंत काही शे मिलिसेकंद चमक रेंगाळते. रंग जितका जास्त, तितकं कॅल्शियम धरून ठेवणारे हात जास्त. मग लाट बुटकी आणि लांब होते.

दुसरी गोष्ट भरलेल्या हातांची. या रंगाचे अर्धे हात साधारण 170 नॅनोमोलर कॅल्शियमला भरतात. स्वस्थ पेशीत 100 धरलं तर 37 टक्के आधीच भरलेले. कॅल्शियम 300 ला गेलं तर 64 टक्के. 600 ला 78, आणि 1200 ला 88. म्हणजे पहिल्या 200 च्या वाढीने चमक ठसठशीत वाढते, आणि कॅल्शियम 600 वरून दुप्पट झालं तरी आणखी दहाच टक्के हात भरतात. पेशीने दहा स्पंद दिले की वीस, हे उंचीवरून सांगणं अवघडच. उलट सुटा एक स्पंद अनेकदा गोंगाटात बुडून जातो.

एनसीबीएसच्या प्रयोगात उंदराला आवाज ऐकवायचे, मध्ये क्षणभर काही नाही, मग डोळ्यावर वाऱ्याची फुंकर. उंदीर शिकला की फुंकर यायच्या आधीच डोळा मिटतो. शिकताना हिप्पोकॅम्पसच्या पेशी ठरावीक क्रमाने पेटू लागतात आणि दोन घटनांमधली रिकामी जागा भरून काढतात, असं त्यांना दिसलं. शिवाय उंदीर नुसता बसलेला असताना ज्या पेशी एकदम चमकतात, त्या शेजारीशेजारी घोळक्याने असतात आणि शिकण्याबरोबर हे घोळके बदलतात.

घोळक्यांची ही गोष्ट इलेक्ट्रोडला क्वचितच सांगता येते. तार विजेचा स्पंद थेट टिपते, सेकंदाला तीस हजार वेळा मोजते, आणि दहा मिलिसेकंदांच्या अंतराने आलेले तीन स्पंद तीन म्हणूनच दाखवते. रंगाला ती एकच लाट. पण कुठला स्पंद कुठल्या पेशीचा, हे आकारावरून ताडावं लागतं, आणि गप्प बसलेली पेशी तारेला कळतच नाही. सूक्ष्मदर्शकात गप्प पेशीही दिसते, तिच्या जागेसकट. त्याची किंमत म्हणजे हिप्पोकॅम्पस खोल असल्याने त्यावरचा बाह्यकाचा भाग काढावा लागतो.

पण शेजाऱ्यांच्या एकीवर मी जरा संशयाने पाहतो. पेशींच्या मधल्या तंतूंमध्येही रंग शिरलेला असतो आणि त्यांची चमक आजूबाजूच्या सगळ्या पेशींच्या खात्यात थोडी थोडी पडते. खोटी एकी अशीच तयार होते. ती ओळखायची खूण आहे: खोटी एकी पेशीला कडं करून घेतलेल्या तंतूंच्या पट्टीतही तशीच दिसते आणि अंतराबरोबर सावकाश विरते. पट्टीची चमक वजा करूनही घोळका टिकला, आणि शिकल्यावर त्याच अंतरावरच्या काही जोड्या तुटून दुसऱ्या जुळल्या, तर तो खरा.

माझ्या वंशावळीला एक भोक आहे. आज बहुतेक प्रयोगशाळा रंग टोचत नाहीत. त्या जनुकातून बनणारं जीकॅम्प वापरतात, जे जुनिची नाकाई आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मांडलं. त्यात चमक जेलीफिशची आणि पकड कॅल्मोड्युलिन या पेशीच्या स्वतःच्या प्रथिनाची. तिथे म्युन्झचा संबंध नाही, जेलीफिशवाले जिंकले. फक्त इतकं म्हणतो की कॅल्मोड्युलिनही कॅल्शियमला आम्लगटांच्या ऑक्सिजननेच आवळतं, आणि पकड घट्ट केली की चमक रेंगाळते, सैल केली की सुटे स्पंद निसटतात, हा पेच तिथेही तसाच आहे.