गोठलेलं भाडं आणि आडनाव विचारणारा मालक : मुंबईच्या भाडे कायद्याचा आपल्या बाजूने इतिहास

भाडं वाढलं की आपल्या बैठकांमध्ये एक मागणी हमखास येते. सरकारने भाड्यावर कमाल मर्यादा घालावी. मागणी करणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. दिंडोरी तालुक्यातली पोरं सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नाहीतर नाशिकच्या कॉलेजांत जातात. त्यांच्या पगाराचा मोठा घास खोलीभाडंच खातं. पण महाराष्ट्राने ही मर्यादा घालून पाहिली आहे, तीही अर्धशतकाहून जास्त काळ. त्यातून काय झालं हे न पाहता तीच मागणी पुन्हा करणं आपल्याला परवडणार नाही. त्या प्रयोगात सर्वात मागे राहिला तो ज्याच्याकडे ओळख नव्हती, पागडी नव्हती आणि ज्याचं आडनाव मालकाला चालत नव्हतं तो.

पहिल्या महायुद्धात मुंबईत माणसं वाढली, बांधकाम थांबलं आणि मालकांनी भाडी चढवली. तेव्हा १९१८ साली पहिला भाडे निर्बंध कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात तेच घडलं. अखेर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला आणि १९४८ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. त्याचा गाभा साधा होता. १ सप्टेंबर १९४० रोजी खोलीचं जे भाडं होतं ते तिचं 'प्रमाण भाडं'. त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने दिलेल्या खोलीचं पहिलं भाडं हेच तिचं प्रमाण भाडं. महापालिकेचा कर वाढला तर तो भाडेकरूवर टाकता येई, पण मूळ भाडं तिथंच गोठलं. भाडेकरूला सहजासहजी काढताही येईना. कायदा तात्पुरता होता. मुदत संपत आली की ती वाढवायची, असं करत तो शतकाच्या अखेरीपर्यंत चालला.

युद्धाच्या काळात असा कायदा समजण्यासारखा आहे. सिमेंट-लोखंड मिळत नसताना भाडं कितीही वाढू दिलं तरी चार महिन्यांत नवी चाळ उभी राहत नाही. मग वाढलेलं भाडं फक्त मालकाच्या खिशात जातं. घोटाळा झाला तो संकट संपल्यावरही आकडा तिथंच ठेवल्यामुळे.

हिशेब मांडून पाहू. समजा गिरगावात ३० खोल्यांची एक चाळ आहे आणि खोलीला महिना १५ रुपये भाडं आहे. मालकाला महिन्याला ४५० आणि वर्षाला ५,४०० रुपये मिळतात. १९४० च्या दशकात एवढ्यात कौलं शाकारणं, चुना लावणं, जिन्याच्या फळ्या बदलणं होत असे आणि मालकाला नफाही उरत असे. पन्नास वर्षांनी, १९९० मध्येही भाडं १५ रुपयेच आहे. एका खोलीचं महिन्याचं भाडं आता गवंड्याच्या एका दिवसाच्या मजुरीइतकंही नाही. कुजलेली सागवानी तुळई बदलायची तर सगळ्या चाळीचं कित्येक महिन्यांचं भाडं जातं. मालक तुळई बदलत नाही. चाळ पडली तर जागा मोकळी होईल, हेही त्याच्या मनात असतं. भाडेकरूही स्वतःचा पैसा घालायला कचरतो, कारण भिंत त्याच्या मालकीची नाही. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि पाणी झिरपत राहतं. भाडं कमी राहिलं खरं, पण त्या भाड्यात मिळणारी वस्तू दरवर्षी थोडी थोडी कमी होत गेली. दर्जा घसरतो तो असा. भाडं कागदावर तेवढंच राहतं आणि घर खाली येतं.

शेवटी सरकारलाच मध्ये पडावं लागलं. पडणाऱ्या इमारतींची संख्या वाढल्यावर १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमलं गेलं आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. सुरुवातीला अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. जे काम भाड्यातून व्हायला हवं होतं ते मंडळाकडे आलं आणि मंडळाचा पैसाही कधी पुरला नाही. नाशिकच्या जुन्या गावठाणातही याच जातीचं दुखणं दिसतं. दर पावसाळ्यात महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते आणि कित्येक वाडे मालक-भाडेकरू वादात अडकून तसेच उभे असतात, पडेपर्यंत.

आता टंचाईकडे येऊ. नव्या इमारतीचं पहिलं भाडं ठरवायला मालक मोकळा होता, मग टंचाई का झाली, असं कुणी विचारेल. कारण ते पहिलं भाडंही पुढे गोठणार होतं. महागाई वाढत जाणार आणि आपली मिळकत तिथंच राहणार, हे दिसत असताना भाड्याची चाळ बांधणार कोण? बांधणाऱ्यांनी पैसा विकायच्या फ्लॅटकडे वळवला. १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांसाठी वेगळा कायदा करावा लागला, इतका तो धंदा वाढला होता. ज्याच्याकडे एकरकमी पैसा नाही त्याच्यासाठी खाजगी बांधकाम जवळजवळ थांबलं आणि तो झोपडपट्टीत गेला. दुसरीकडे, असलेल्या खोल्याही फिरेनात. कुटुंब डोंबिवलीला राहायला गेलं तरी खोलीला कुलूप लावून ठेवायचं, कारण १५ रुपयांची खोली सोडली की पुन्हा मिळणार नाही. १९७३ मध्ये तोवर लायसन्सवर राहणाऱ्यांनाही कायद्याने भाडेकरूचं संरक्षण दिलं. त्यानंतर मालक कुणाला आत घ्यायलाच घाबरू लागले. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे पावणेपाच लाख घरं रिकामी निघाली. त्या सगळ्यांना भाडे कायदा जबाबदार नाही. जमिनीचे निर्बंध आणि गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅटही त्यात आहेत. पण 'भाड्याने देऊ नको, अडकशील' ही भीती याच कायद्याने घराघरात रुजवली.

आपल्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे. खोली एक आणि मागणारे दहा, आणि भाडं वाढवायची मुभा नाही, तर खोली कुणाला मिळणार? मुंबईत याची दोन उत्तरं निघाली. पहिलं उत्तर पागडी. भाडं १५ रुपयेच, पण आत शिरण्यासाठी हजारोंची रोख रक्कम, पावतीशिवाय. भाडेकरूने खोली दुसऱ्याला द्यायची तर पागडीतला साधारण तिसरा हिस्सा मालकाला, हा अलिखित रिवाज झाला. १९४७ च्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता, तरी सगळं शहर तिच्यावर चाललं. किंमत नाहीशी झाली नव्हती. महिन्याच्या भाड्यातून निघून ती उंबरठ्यावर येऊन बसली होती. आणि मजुरी करणारा दलित माणूस दर महिन्याला थोडं जास्त भाडं एक वेळ देऊ शकतो, एकरकमी पागडी मात्र देऊ शकत नाही.

दुसरं उत्तर ओळख, म्हणजे जात. दारात दहा जण रांगेत उभे असताना मालकाने एका बौद्धाला नकार दिला तर त्याचं एक पैशाचं नुकसान होत नाही. दुसऱ्याच मिनिटाला 'आपला' माणूस त्याच भाड्यात मिळतो. खोल्या भरपूर असतील आणि खोली दोन महिने रिकामी पडत असेल, तर मात्र त्याला आपल्या जातीयतेची किंमत मोजावी लागते. टंचाई ही किंमत शून्यावर आणते. म्हणून टंचाई वाढवणारं धोरण कागदावर कितीही गरिबांचं असलं तरी निवडीचा अधिकार ते मालकाच्या जातीय मनाच्या हाती देतं.

इथे उलटं टोकही गाठू नये. बाजार मोकळा सोडला की जात जाते असं मानायला आपला इतिहास परवानगी देत नाही. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांकडे पगार होता, भाडं देण्याची तयारी होती. तरी पारशी वसतिगृहात त्यांना ओळख लपवून राहावं लागलं आणि ओळख उघड होताच बाहेर काढलं गेलं. तिथे भाडं गोठवणारा कायदा नव्हता. म्हणजे भाड्याची मर्यादा हे भेदभावाचं मूळ नाही, ती त्याला खतपाणी घालते.

मग बाबासाहेब मुंबईत कुठे राहिले? परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत, सुमारे दोन दशकं. ती चाळ १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेली होती. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी उभारल्या. वरळी-नायगावच्या या चाळी आपल्या चळवळीचे गड झाले. तिथे आपल्या माणसांना छप्पर मिळालं ते सरकारने प्रत्यक्ष खोल्या बांधल्या म्हणून. त्या चाळींचीही पुढे दैना झाली, हे खरं. नाममात्र भाडं घेणारा आणि दुरुस्ती न करणारा मालक सरकार असलं तरी भिंत तशीच गळते.

१९९७ च्या डिसेंबरमध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रमाण भाडं असं गोठवून ठेवण्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. मग नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने एक कोटी किंवा त्याहून जास्त भागभांडवलाच्या कंपन्यांना आणि बँकांना संरक्षणातून वगळलं. म्हणजे तोवर फोर्टातल्या मोठ्या कचेऱ्याही गरिबांच्या नावाने केलेल्या कायद्याचा लाभ घेत होत्या. पागडीही त्याने कायदेशीर केली. जुन्या भाड्यात एकदा ५ टक्के आणि मग दरवर्षी ४ टक्के वाढ दिली. आपल्या १५ रुपयांच्या खोलीला ही वाढ चक्रवाढीने लावली तरी पंचवीस वर्षांनी भाडं ४२ रुपयांच्या आसपासच पोचतं. तुळई आजही त्यात बदलत नाही.

तेव्हा मागणी मांडताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. मनमानी पद्धतीने घराबाहेर काढलं जाऊ नये, ही मागणी सुरक्षिततेची आहे आणि ती सोडता कामा नये. भाड्याचा आकडा कायमचा गोठवावा, ही मागणी वेगळी आहे. ती आज आत असलेल्याला वाचवते आणि उद्या गावातून येणाऱ्याला बाहेर ठेवते. आपली बहुसंख्य पोरं अजून बाहेरच उभी आहेत. त्यांच्यासाठी सरकारने भाड्याची घरं आणि वसतिगृहं बांधावीत, त्यांच्या दुरुस्तीची तरतूद आधीच करावी, कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला भाड्यासाठी थेट मदत द्यावी आणि जात-धर्म विचारून खोली नाकारणाऱ्या मालकाला शिक्षा करणारा स्पष्ट कायदा करावा. मोर्चा काढायचा तर या चार मागण्यांवर काढू.

जय भीम.