हल्ला केला आणि निघून गेला: जुन्या कागदांतली दोन प्रकारची क्रियापदं

मागच्या भागाखाली नागपूर, इंदूर, बडोदा, अगदी तंजावरहूनही प्रश्न आले. त्यातला एक पुन्हा पुन्हा येतो: मोडी अक्षरं लागतात, शब्द कळतात, तरी वाक्याचा अर्थ हातात का येत नाही? माझं उत्तर असं, की अडचण बहुतेक वेळा नामांत नसते. अवघड नाम कोशात सापडतं. अडचण असते ती वाक्याच्या शेपटाकडे, क्रियापदात. आणि तिथे दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच पोशाखात उभ्या असतात.

पहिली वस्तू म्हणजे नाम आणि क्रियापद यांची जोडी. हल्ला करणे, वेढा देणे, चौकशी करणे, ताकीद देणे. दुसरी म्हणजे क्रियापदाला क्रियापदाची जोड: निघून जाणे, सोडून देणे, मारून टाकणे. शाळेत आपण ‘संयुक्त क्रियापद’ शिकलो ते दुसऱ्या जातीचं. पहिल्या जातीला शाळेच्या व्याकरणात वेगळी खोलीच नाही. ‘हल्ला’ हे कर्म आणि ‘केला’ हे क्रियापद म्हणून आपण पुढे जातो. इतिहासाच्या वाचकाला तेवढ्यावर भागत नाही.

‘हल्ला केला’ यात घडलेली गोष्ट कोण सांगतं? ‘हल्ला’. ‘केला’ नुसतं ओझं वाहणारं खेचर आहे. काळ, लिंग, वचन पाठीवर घेऊन चालतं. पण नामाचं नामपण मात्र शाबूत राहतं. त्याला विशेषण लागतं, मोठा हल्ला केला. क्रियापद त्याच्याच लिंगाप्रमाणे चालतं: हल्ला केला, लूट केली. आणि समोरच्या गोष्टीला कोणता प्रत्यय लागायचा हेही नामच ठरवतं. गढी*वर* हल्ला, गढी*ची* लूट, गढी*स* वेढा. गढी तीच, पण तिन्ही वेळा वेगळा प्रत्यय. हे ‘करणे’ किंवा ‘देणे’ ठरवत नाही.

या जातीत एक पोटजात आहे, तीही ओळखून ठेवा. ‘काबीज करणे’, ‘रवाना करणे’, ‘बंद करणे’. इथे पहिला शब्द नामासारखा वागत नाही. गढी काबीज केली, किल्ला काबीज केला, ठाणे काबीज केले. क्रियापद गढीकडे, किल्ल्याकडे, ठाण्याकडे बघतं, ‘काबीज’कडे नाही. कागदाचा कोपरा फाटला असेल आणि नुसतं ‘...काबीज केली’ एवढंच उरलं असेल, तरी गेलेली वस्तू पुल्लिंगी नव्हती एवढं हाती लागतं. ‘...हल्ला केला’ उरलं असेल तर तेवढीही खूण मिळत नाही.

आता हे एवढे शब्द आले कुठून ते पाहू. फारसी भाषेत साधी क्रियापदं तुलनेनं थोडी आहेत. तिचा कारभारच मुळी जोड्यांवर चालतो: नाम घ्यायचं आणि पुढे ‘कर्दन’ म्हणजे करणे, ‘शुदन’ म्हणजे होणे, ‘दादन’ म्हणजे देणे, असं जोडायचं. तिथे माणूस शपथही ‘खातो’ आणि पराभवही ‘खातो’; हिंदीतली ‘कसम खाना’ त्याच घरची. बहमनी काळापासून दख्खनच्या दफ्तरांत फारसी चालली. दफ्तरात बसलेल्या मराठी माणसाला फारसी क्रियापदं मराठीत चालवण्याची गरज पडली नाही. नाम तसंच उचललं, ‘कर्दन’च्या जागी ‘करणे’ ठेवलं, ‘शुदन’च्या जागी ‘होणे’. काम झालं. फारसी शब्दाला थेट मराठी प्रत्यय लावून बनवलेली क्रियापदंही आहेत, बदलणे, खर्चणे, फर्मावणे. पण ती थोडी. बाकी सगळी भरती ‘करणे’ आणि ‘होणे’ यांच्या दारातून झाली.

म्हणून हा सगळा साचाच फारसीनं दिला असं मात्र कुणी समजू नये. विचार करणे, स्मरण करणे, नमस्कार करणे ही मंडळी आपल्या घरचीच. साचा घरात होता, फारसीनं तो काठोकाठ भरला, एवढंच.

आता राज्यव्यवहारकोश घ्या. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांच्या नावे तयार झालेला हा कोश संस्कृत पद्यात आहे आणि त्याचे दहा वर्ग आहेत: राज्यवर्ग, कार्यस्थानवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग वगैरे. पेशव्याचा प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सरनोबताचा सेनापती. या कोशाकडे भाषाशुद्धीची मोहीम म्हणून पाहण्याची रीत आहे आणि ती चूक नाही. पण शिपायाच्या नजरेनं पाहिलं तर मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. भर नावांवर आहे: पदांची, वस्तूंची, जागांची नावं. क्रियापदांकडे जाण्याची फारशी गरजच नव्हती, कारण ती आधीपासूनच मराठी होती. ‘रवाना केली’मधलं ‘रवाना’ काढून ‘मार्गस्थ’ ठेवलं तर वाक्याचा बाकीचा सांगाडा हलत नाही. नळीत भरलेली गोळी बदलता येते, बंदूक तीच राहते.

आता दुसरी जात. ‘सोडून दिले’. इथे घडलेली गोष्ट पहिलं क्रियापद सांगतं: सोडणे. ‘दिले’ यात कुणी कुणाला काही देत नाही. क्रिया पुरी झाली, हातातून गेली, एवढा रंग ते चढवतं. ते काढून टाका, ‘सोडले’ म्हणा. रंग उडतो, पण वाक्य उभं राहतं. ‘हल्ला केला’मधून ‘केला’ काढून पाहा, वाक्यच कोसळतं. मी नवशिक्यांना ही पहिली कसोटी सांगतो, कारण ती सोपी आहे आणि सहसा दगा देत नाही.

या जातीला फारसीचं काही देणं नाही. नोकरीत मी कन्नड आणि तमिळ बोलणाऱ्या जवानांबरोबर वर्षं काढली. कन्नडिगाचं ‘माडिबिट्ट’, तमिळ माणसाचं ‘सेय्दुविट्टान’, दोन्हींचा अर्थ ‘करून टाकलं’. दोन्हीत आधी धातुसाधित आणि मग ‘सोडणे’ अर्थाचं क्रियापद. आपलं ‘-ऊन’ रूप घेऊन केलेलं ‘करून टाकलं’ त्यांच्या किती जवळ बसतं बघा. हिंदीत मात्र उघडा धातू येतो: ‘कर डाला’.

आणि इथेच मराठी वाचकाची खरी पंचाईत आहे. हिंदी माणूस ‘खाकर गया’ म्हणाला तर दोन कामं झाली, जेवला आणि गेला. ‘खा गया’ म्हणाला तर एकच काम. हिंदीत रूपावरून कळतं. मराठीत दोन्हींना ‘-ऊन’च. ‘तो जेवून गेला’ ही दोन कामं. ‘तो विसरून गेला’ हे एकच काम. रूप तेच, कळायचं कसं? मध्ये ‘मग’ घालून पाहा. ‘जेवून मग गेला’ हे चालतं. ‘विसरून मग गेला’ म्हणणारा माणूस मराठी नव्हे. जुन्या मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, विरामचिन्हंही नाहीत, त्यामुळे ही कसोटी मनातल्या मनात लावतच वाचावं लागतं.

एक नमुना घेऊ. वाक्य मीच जुन्या धर्तीवर रचलेलं आहे, कुठल्या दफ्तरातलं नाही: ‘खानाने गढीस वेढा दिला, रसद बंद केली, चार दिवसांनी गढी मारून घेतली व शिबंदी सोडून दिली.’

‘वेढा दिला’ ही नामाची जोडी, म्हणून क्रियापद ‘वेढा’बरोबर पुल्लिंगी. ‘बंद केली’ ही पोटजात, क्रियापद रसदेबरोबर स्त्रीलिंगी. ‘मारून घेतली’ इथे मी थोडा थांबतो. गढी मारली आणि गढी घेतली, ‘घेणे’ इथे आपला स्वतःचा अर्थ सोडत नाही. मी याला शुद्ध दुसऱ्या जातीत टाकणार नाही. ‘सोडून दिली’ मात्र निःसंशय एकच काम. खानानं शिबंदीला मोकळं केलं.

आता समजा कागद तिथेच कसरीनं खाल्लाय आणि ‘शिबंदी सोडून’च्या पुढचं एकच अक्षर अर्धवट उरलंय. ते ‘दि’ असेल तर खानानं शिबंदीला जीवदान दिलं. ते ‘गे’ असेल, ‘शिबंदी सोडून गेली’ असेल, तर लढणारे आपली जागा सोडून निघून गेले. एकात शत्रूची दया, दुसऱ्यात आपल्या माणसांवर ठपका. एखाद्या घराण्याच्या नावावर तीनशे वर्षं बसलेला डाग त्या अर्ध्या अक्षरावर ठरू शकतो. कर्ताही बघा कसा बदलतो. ‘देणे’ आलं की ‘खानाने’ लागतो, ‘जाणे’ आलं की शिबंदी स्वतः कर्ता होते. ‘संत सांगून गेले’ म्हणतो ना आपण? ‘सांगणे’ एकटं असतं तर ‘संतांनी’ म्हणावं लागलं असतं. रंग चढवायला आलेलं क्रियापद कर्त्याचा प्रत्यय ठरवून जातं.

पहिल्या जातीत माणूस वेगळ्या तऱ्हेनं लपतो. ‘कत्तल केली’ म्हटलं की करणारा विचारावा लागतो. ‘कत्तल झाली’ म्हटलं की विचारावं लागत नाही. ‘करणे’ काढून ‘होणे’ ठेवलं, बस्स. पत्रात ‘दंगा जाहला’, ‘लूट जाहली’ अशी रांग दिसली की मी समासात पेन्सिलीनं ‘कोणी?’ असं लिहितो.

एका चौकशीत मी सदस्य होतो. पहाऱ्यावरच्या जवानाच्या बंदुकीतून एक गोळी सुटली होती, सुदैवानं कुणाला लागली नाही. तो मराठी मुलगा म्हणाला, ‘‘साहेब, फायर होऊन गेला.’’ लिहिणाऱ्यानं लिहिलं, ‘फायर केला’. जबाब वाचून दाखवला तेव्हा मुलगा गडबडला, पण नेमकं काय चुकलंय ते त्याला सांगता येईना. मी ती ओळ बदलायला लावली. त्याच्या तीन शब्दांत दोन्ही जाती होत्या. ‘फायर होणे’ ही नामाची जोडी, कर्ता मागे ठेवणारी. तिच्यावर ‘जाणे’ चढलं आणि त्यानं ‘नकळत, हातचं निसटलं’ असा रंग दिला. तो खरं बोलत होता की नाही हे ठरवणं आमचं काम होतं. लिहिणाऱ्यानं ते लिहितानाच ठरवून टाकलं होतं.

या उदाहरणात दोन्ही जाती एकमेकांवर बसलेल्या दिसतात, आणि त्यांचा क्रम पक्का आहे. आधी नाम, मग ‘करणे’ किंवा ‘होणे’, सगळ्यात शेवटी रंग देणारं क्रियापद: फौज रवाना करून दिली, काम बंद करून टाकलं. ‘रवाना देऊन केली’ असं कुणी म्हणत नाही. ‘फायर’ हा शब्द इंग्रजीचा. पण तोही रवाना, काबीज, ताकीद यांच्या मागे त्याच रांगेत, नामाच्याच जागी येऊन उभा राहिला. रिपोर्ट करणे, चार्ज घेणे, ऑर्डर देणे हे शब्दही त्याच रांगेतले. पेशवे दफ्तरातला कारकून आज आमच्या ऑफिसात बसला असता तर त्याला नामं विचारावी लागली असती, वाक्य लिहायला मात्र त्याचा हात अडला नसता.