जालाधारित नियंत्रण प्रणाली

जालाधारित नियंत्रण प्रणाली म्हणजे संवेदक, नियंत्रक आणि चालक यंत्र यांच्यातील संदेश सामायिक संगणकीय जालातून पाठवणारी प्रत्याभरण प्रणाली होय. जालातील विलंब बदलता असतो व काही पॅकेटे हरवतात. त्यामुळे थेट तारेने जोडल्यास स्थिर असणारा बंद पाश जालावर अस्थिर होऊ शकतो.

== विलंबाचा परिणाम ==
मोटरच्या अक्षाचा कोन नियंत्रित करताना वेगाची आज्ञा कोनातील त्रुटीच्या `k` पट, विरुद्ध दिशेने दिली जाते, असे मानू. आज्ञा `τ` इतक्या स्थिर विलंबाने पोहोचत असल्यास पाश `kτ < π/2` असेपर्यंत स्थिर राहतो. `k` = ६ प्रति सेकंद असल्यास ही मर्यादा सुमारे ०.२६ सेकंद येते. विलंब कसाही बदलत असेल, तर स्थैर्याची हमी कमाल विलंबाच्या `kτ < 3/2` या मर्यादेपर्यंतच, म्हणजे ०.२५ सेकंदांपर्यंतच देता येते. हा निष्कर्ष रशियन गणितज्ञ मिश्किस यांच्या नावाने ओळखला जातो. म्हणून केवळ सरासरी विलंब पाहून स्थैर्य ठरवता येत नाही.

== पॅकेट हरवणे ==
याच मोटरला विलंबाशिवाय दर ०.१ सेकंदाला आज्ञा मिळते आणि पॅकेट हरवल्यास जुनीच आज्ञा चालू राहते, असे मानू. सुरुवातीची त्रुटी १० अंश असल्यास आज्ञा उणे ६० अंश प्रति सेकंद असते.

* पुढचे पॅकेट वेळेवर आल्यास त्रुटी ४ अंश उरते.
* लागोपाठ दोन पॅकेटे हरवल्यास आज्ञा ०.३ सेकंद टिकते व त्रुटी उणे ८ अंश होते.
* तीन हरवल्यास त्रुटी उणे १४ अंश होते, म्हणजे मूळ त्रुटीपेक्षा वाढते.

अशा खंडांची पुनरावृत्ती झाल्यास अक्ष दोन्ही बाजूंना वाढत्या आंदोलनाने हेलकावतो. पॅकेटांच्या अनुक्रमांकांतील खंड आणि आंदोलने एकाच वेळी दिसल्यास कारण जालात असल्याचे सूचित होते. `k` = ४ ठेवल्यास तीन पॅकेटे हरवूनही त्रुटी उणे ६ अंशांवरच थांबते; मात्र एरवीचा प्रतिसाद मंदावतो.

== यादृच्छिक हानीची मर्यादा ==
स्वभावतः अस्थिर यंत्रणेत गुणवर्धन घटवून भागत नाही. नियंत्रणाविना त्रुटी प्रत्येक टप्प्यात `a` पट होत असेल आणि प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे `p` संभाव्यतेने हरवत असेल, तर त्रुटीच्या वर्गाची सरासरी मर्यादित राहण्यासाठी `p < 1/a²` असणे आवश्यक आहे. `a` = २ असल्यास ही मर्यादा २५ टक्के येते. ३० टक्के हानीतही त्रुटी बहुतांश वेळ लहान दिसते. परंतु दीर्घ खंडांत ती इतकी वाढते की वर्गाची सरासरी अमर्याद होते. त्यामुळे अल्पकालीन चाचणीत हा दोष सुटून जाऊ शकतो.

== उपाय ==
पॅकेटावर वेळेची नोंद करून उशिरा आलेली जुनी मापने टाकून दिली जातात. ग्राहक बाजूस तात्पुरता साठा ठेवून बदलता विलंब स्थिर करता येतो, परंतु तो कमाल विलंबाइतका वाढतो. नियंत्रक एकाच पॅकेटात पुढील अनेक टप्प्यांच्या अंदाजित आज्ञाही पाठवू शकतो. त्यांची उपयुक्तता यंत्रणेच्या गणिती प्रतिमानाच्या अचूकतेवर अवलंबून असते.