हितसंबंधांचा संघर्ष व भेटवस्तू (कंपनी आचारसंहिता)

कंपनीच्या वतीने निर्णय घेणाऱ्याचा खाजगी लाभ त्याच निर्णयात गुंतला, म्हणजे हितसंबंधांचा संघर्ष उद्‌भवतो. असा संबंध असणे हा गुन्हा नव्हे. तो लपवणे हा आचारसंहितेचा भंग ठरतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी असो की साताऱ्याची औद्योगिक वसाहत, मोठ्या कारखान्यांभोवती ओतकाम आणि यंत्रकामाचे जॉबवर्क करणारे छोटे कारखानदार असतात. गावकी-भावकी जवळची असल्याने पुरवठादार नात्यातला निघणे इथे स्वाभाविकच आहे. ‘सेबी’च्या २०१५ च्या नियमांनुसार सूचिबद्ध कंपनीला संचालक व वरिष्ठ व्यवस्थापनासाठी आचारसंहिता करावी लागते आणि तिचे पालन केल्याचे त्यांना दरवर्षी लिहून द्यावे लागते. मात्र मोह पडतो तो बहुधा त्याखालच्या खरेदी, तपासणी व भांडार विभागांत. तिथे कंपनीची स्वतःची संहिता आणि स्थायी आदेशच लागू पडतात.

समजा, पलूसच्या वसाहतीत खरेदी अधिकाऱ्याच्या मेहुण्याचे मशीन शॉप आहे. अधिकाऱ्याने हे नाते विभागप्रमुखाला लेखी कळवले, तर मेहुण्याला कोटेशन देता येते. फक्त दरांची तुलना, ऑर्डर आणि बिलाची मंजुरी दुसऱ्याकडे जाते. लपवले, तर खुणा कागदावर उरतात: सही करण्याच्या मर्यादेत बसावी म्हणून एकाच ऑर्डरचे केलेले तुकडे, इतरांचे दर उघडल्यावर बदललेला दर, फक्त त्याच पुरवठादाराचे कमी झालेले रिजेक्शन.

भेटवस्तूंची मूल्यमर्यादा प्रत्येक कंपनी आपापली ठरवते. दिवाळीचा मिठाईचा पुडा किंवा कॅलेंडर सहसा चालते; रोख रक्कम, सोन्याचे नाणे वा गिफ्ट व्हाउचर चालत नाही. किमतीपेक्षा वेळ महत्त्वाची: कोटेशन विचाराधीन असताना आलेला पुडाही परत करावा. घरी, पत्नीच्या नावे आलेली वस्तू कर्मचाऱ्यालाच मिळाली असे धरतात. परत करणे अशक्य असल्यास ती कंपनीकडे जमा करून नोंदवहीत नोंद करतात.

लाच घेणे हे स्थायी आदेशांनुसार गैरवर्तन आहे. कारवाई आरोपपत्राने सुरू होते. चौकशी होईपर्यंत कामगाराला निलंबित केल्यास पहिले ९० दिवस निम्मे वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळते, पुढे विलंब त्याच्यामुळे नसल्यास ७५ टक्के. खातेनिहाय चौकशीत त्याला साक्षीदारांची उलटतपासणी करता येते. अनेक प्रकरणे इथेच ढासळतात. आरोपपत्रात तारीख, ऑर्डर क्रमांक व वस्तू यांऐवजी नुसते ‘भ्रष्ट वर्तन’ लिहिलेले असते, किंवा तक्रारदारच चौकशी अधिकारी होतो. किरकोळ गैरवर्तनासाठी पूर्वीची सेवा न पाहता केलेली धक्कादायक बडतर्फी ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा आहे. त्यामुळे न नोंदवलेल्या मिठाईच्या पुड्यासाठी ताकीद पुरेशी होते. दर फोडून घेतलेल्या रकमेसाठी बडतर्फी टिकू शकते.

व्यवस्थापकीय अधिकारी ‘कामगार’ या व्याख्येत बसत नसल्याने त्यांच्यावरील कारवाई नियुक्तिपत्रातील अटी व कंपनीच्या सेवानियमांनुसार होते. संचालकाने आपला हितसंबंध उघड न करता करारात भाग घेतल्यास २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार त्याचे पदच रिक्त होते.