डाळ मिलला ऑडिट येणार असेल तर : एका कट्ट्याचा माग काढून बघा

बसवकल्याण, हुमनाबाद, भालकी, पलीकडे उमरगा, निलंगा, उदगीर. या पट्ट्यातल्या छोट्या डाळ मिलवाल्यांची एक अडचण सारखीच आहे. आडत्याला किंवा किराणा होलसेलवाल्याला माल देताना भाव आणि नमुना एवढ्यावर काम भागतं. पण हॉस्पिटल, मोठं वसतिगृह, कारखान्याची कँटीन किंवा केटरिंग कंपनी वर्षभराची तूरडाळ घ्यायची म्हटली की आधी ऑडिटर पाठवते. तो डाळ हातात घेऊन बघतो खरा, पण त्याचा निम्मा वेळ रजिस्टरात जातो, आणि बहुतेक मिल तिथंच अडकतात.

लायसन्सचा विषय आधी उरकून घेऊ. एफएसएसएआयचं लायसन्स जागेवर मिळतं, मालकाच्या नावावर सगळीकडे चालत नाही. मिल एका जागी आणि गोदाम दुसऱ्या जागी असेल तर दोन्हीकडे वेगळं लागतं. दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे लायसन्सवर व्यवसायाचा प्रकार काय लिहिलाय. पूर्वी नुसता व्यापार होता, नंतर मिल टाकली, आणि कागदावर अजून 'व्यापारी'च राहिलं, असं सर्रास दिसतं. हे ऑडिटच्या आदल्या दिवशी दुरुस्त होत नाही, म्हणून दोन महिने आधी बघा.

आता मुख्य मुद्दा. ऑडिटर गोदामात उभा राहतो, थप्पीतला एक कट्टा दाखवतो आणि म्हणतो, "याची तूर कुठून आली ते सांगा. आणि याच बॅचचे बाकीचे कट्टे कुठं गेले?" बरेच खरेदीदार या उत्तराला चार तासांची मुदत धरतात. उद्या डाळीत खडा, काच किंवा औषधाचा वास निघाला तर तोच माल परत बोलावता येतो का, हे त्याला बघायचं असतं. माल परत बोलावण्याची लेखी पद्धत उत्पादकाकडे असावी, असं 2017 पासून नियमातच आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. बॅच 17 साठी 5,000 किलो तूर घेतली. त्यातली 3,000 किलो निलंग्याकडची, 2,000 किलो बसवकल्याण बाजार समितीतली. गिरणीतून निघालं ते असं : डाळ 3,600 किलो, चुनी 600, भुसा 600, खडी-माती 60, आणि सुकवण्यातली घट 140. बेरीज बरोबर 5,000. डाळ 30 किलोच्या कट्ट्यात भरली, म्हणजे 120 कट्टे. विक्रीच्या वहीत वसतिगृहाला 50, एका होलसेलवाल्याला 40. गोदामात मोजले तर 28.

म्हणजे 118. दोन कट्टे, 60 किलो, गेले कुठं? चोरी झालेली नसते. एक कट्टा फाटला म्हणून दुसऱ्या बॅचमध्ये ओतला, एक घरी नेला किंवा हमालांना सणाला वाटला. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण ऑडिटरच्या हिशेबात ती 60 किलो डाळ बेपत्ता आहे. फाटलेला कट्टा ओतला तर 'बॅच 17 चे 30 किलो बॅच 18 मध्ये' एवढी एक ओळ लिहिली की काम झालं. नमुन्याला काढलेली पाव किलो डाळसुद्धा लिहायची.

काही जण उलटं करतात. कागद छान दिसावा म्हणून उतारा 85 टक्के दाखवतात. छोट्या मिलमध्ये उतारा साधारण 70 ते 75 टक्क्यांच्या आसपास असतो, हे ऑडिटरला ठाऊक असतं. जास्त दिसला की त्याला लगेच शंका येते की बाहेरची तयार डाळ आणून यात मिसळली का. मग तो लाखीच्या डाळीबद्दल आणि रंगाबद्दल विचारायला लागतो, आणि खरा माल असूनही लॅबचे रिपोर्ट दाखवत बसावं लागतं.

तूर दोन्ही राज्यांतून येते, म्हणून आपल्याकडे एक जास्तीचं भान लागतं. आवक झाली की प्रत्येक गाडीला लॉट नंबर द्या, पट्टी किंवा बिल त्याच नंबरला जोडा, आणि पोत्यावर खडूनं नव्हे तर चिठ्ठीनं नंबर लावा. पट्टी मराठीत असो वा कन्नडमध्ये, चालते. नंबर मात्र सगळीकडे एकच पाहिजे. 'गुलबर्गा तूर डाळ' या नावाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या डाळीला 2024 मध्ये. ही नावं कट्ट्यावर छापायची तर ठरलेल्या भागातलीच तूर लागते आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदही. वरच्या बॅच 17 सारखी मिसळ करून कट्ट्यावर यातलं एक नाव टाकलं, तर आपलंच रजिस्टर आपल्याविरुद्ध साक्ष देईल.

कीड हा दुसरा नाजूक विषय. सल्फासच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, थप्पीत ठेवून वर ताडपत्री टाकणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. नियमानं हे काम फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यानं करायचं असतं. गोदामाच्या कपाटात गोळ्यांचा डबा सापडला, तर बाकी सगळं नीट असूनही ऑडिट तिथंच बिघडतं. धूर देण्याची तारीख, थप्पी, किती तास बंद ठेवलं आणि हवा केव्हा खेळवली, याचं प्रमाणपत्र त्यानं द्यायला हवं. उंदरांसाठी आत विष ठेवू नका, पिंजरे आणि चिकटपट्ट्या ठेवा. त्यांच्या जागा नकाशावर नंबरानं दाखवा.

मशीनच्या बाजूला दोन ठिकाणी नजर जाते. एमरी रोल झिजतो, त्याचे कण डाळीत येऊ शकतात. म्हणून रोल कधी बदलला आणि मधे कधी तपासला याची नोंद ठेवा. आणि चुंबक रोज पुसून त्यावर काय निघालं ते लिहा. 'काही नाही' असं सलग महिनाभर लिहिलेलं कुणी खरं मानत नाही. खिळा निघाला, तारेचा तुकडा निघाला, असं लिहिलेलं वाचलं की चुंबक खरोखर काम करतो हे कळतं. वरचे बल्ब-ट्यूब झाकणाचे हवेत, ही स्वस्तातली दुरुस्ती आहे.

रजिस्टर एका बैठकीत भरू नका. एकच पेन, एकच अक्षर, आणि मिल बंद होती त्या अमावास्येलाही भरलेली नोंद. लाइट बिल आणि हजेरीपट शेजारी ठेवला की हे पाच मिनिटांत उघडं पडतं. तीन महिन्यांच्या खऱ्या, थोड्या मळकट नोंदी वर्षभराच्या कोऱ्या करकरीत वहीपेक्षा जास्त कामाच्या.

कामगारांशी ऑडिटर थेट बोलतो. हात कधी धुता, जखम झाली तर काय करता, सांडलेली डाळ परत भरता का. मालकानं मधे उत्तर दिलं की गुण जातात. पाट्या कामगार वाचतात त्या भाषेत लावा. आपल्याकडे कन्नड आणि मराठी दोन्ही, बिहारची पोरं असतील तर हिंदीही. वार्षिक आरोग्य तपासणीची प्रमाणपत्रं आणि पिण्याच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट एका फायलीत असू द्या. एफएसएसएआयच्या तपासणी यादीत काही प्रश्नांवर तारांकन असतं. त्यात चुकलं तर बाकीचे गुण असूनही उपयोग नाही, म्हणून यादी डाउनलोड करून आधी ते प्रश्न बघा.

ऑडिटच्या पंधरा दिवस आधी मिलबाहेरच्या कुणाला तरी, अकाउंटंट चालेल, एक कट्टा निवडायला सांगा आणि घड्याळ लावून माग काढा. पहिल्यांदा दिवस जातो. कुठली वही सापडली नाही, कुठं नंबर तुटला, ते तिथंच कळतं. हा सराव कागदावर तारखेसह ठेवा, ऑडिटर तोही मागतो.

ऑडिट झाल्यावर त्रुटींची यादी मिळते. छोट्या मिलला काही ना काही निघतंच. ठरलेल्या मुदतीत प्रत्येक त्रुटीपुढं तीन गोष्टी लिहून पाठवायच्या : कारण काय होतं, काय दुरुस्त केलं, आणि परत होऊ नये म्हणून काय बदललं. सोबत आधीचा आणि नंतरचा फोटो. 'यापुढे काळजी घेऊ' असं लिहिलेली उत्तरं परत येतात.