साठच्या आकड्याचं कूळ

घामातलं क्लोराइड लिटरमागे 60 मिलिमोल किंवा त्याहून जास्त निघालं, तर डॉक्टर सिस्टिक फायब्रोसिसचं निदान जवळपास पक्कं धरतात. तपासणी स्वस्त आहे, सुई टोचावी लागत नाही, आणि आजाराचं जनुक सापडून इतकी वर्षं झाली तरी तिचा मान उतरलेला नाही. घामातलं मीठ मोजणं कधीच फार अवघड नव्हतं. अवघड होतं ते तान्ह्या बाळाचा पुरेसा घाम, त्याला इजा न करता आणि त्यात काही भर-घट न होऊ देता मिळवणं. या तपासणीचा इतिहास त्या खटपटीचाच आहे.

सुरुवात न्यूयॉर्कमध्ये झाली. कोलंबिया विद्यापीठाच्या बेबीज हॉस्पिटलमधल्या डोरोथी अँडरसन यांनी 1938 मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. स्वादुपिंडात तंतू माजलेले, फुप्फुसांत चिकट कफ अडकलेला, मूल खात असूनही वाळत चाललेलं. पुढे 1948 च्या उन्हाळ्यात शहर भाजून निघालं आणि उष्माघातानं गळून गेलेली मुलं दवाखान्यात येऊ लागली. त्यांत या आजाराची मुलं नजरेत भरावीत इतकी होती. वॉल्टर केसलर आणि अँडरसन यांनी ही नोंद 1951 मध्ये छापली. त्याच रुग्णालयातले पॉल दि सांत'आन्येझे यांनी पुढचा प्रश्न विचारला: या मुलांच्या अंगातलं मीठ जातं कुठे? 1953 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं. मीठ घामातून जात होतं, आणि निरोगी मुलांच्या कित्येक पट जात होतं.

कारण घर्मग्रंथीच्या रचनेत आहे. त्वचेच्या तळाशी असलेल्या वेटोळ्यात तयार होणारा घाम रक्तातल्या पाण्याइतकाच खारट असतो. वरच्या नळीतून पृष्ठभागाकडे येताना नळीची भिंत त्यातलं मीठ परत शोषून घेते. या आजारात ती भिंत क्लोराइडला वाट देत नाही. हे 1983 मध्ये दाखवलं पॉल क्विंटन यांनी, आणि त्यांना स्वतःलाच हा आजार होता.

आता 1953 नंतरच्या डॉक्टरांची अडचण पाहा. खूण सापडली, पण घाम आणायचा कसा? मुलाला तापलेल्या खोलीत ठेवायचं, किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पांघरुणं घालायची. ज्या मुलांना उष्णता सोसत नाही म्हणून आजार कळला, त्यांनाच पुन्हा उष्णता द्यायची, असा हा मार्ग होता. ताप बेसुमार चढण्याची भीती कायम असे.

सुटका दोन जुन्या गोष्टींच्या सोयरिकीतून झाली. पहिली, ब्राझीलमधलं जाबोरांदी हे झुडूप. त्याच्या पानांनी लाळ सुटते आणि घाम फुटतो, हे तिथल्या लोकांना ठाऊक होतं. 1875 मध्ये त्या पानांतून पिलोकार्पिन वेगळं काढलं गेलं. ते पोटात दिलं तर साऱ्या अंगाला घाम सुटतो आणि इतर त्रासही होतात. हवं होतं ते तळहाताएवढ्या कातडीपुरतं.

दुसरी गोष्ट, विजेनं औषध कातडीत ढकलण्याची रीत, म्हणजे आयन्टोफोरेसिस. फ्रान्समधल्या स्तेफान लेद्युक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन ससे एकाच विद्युतमंडलात जोडले. एकाच्या धन ध्रुवाखाली स्ट्रिक्निन होतं, दुसऱ्याच्या ऋण ध्रुवाखाली सायनाइड. दोन्ही ससे मेले. ध्रुव उलटे जोडले तेव्हा मात्र सशांना काहीच झालं नाही. धन प्रभार असलेला पदार्थ धन ध्रुवच दूर लोटतो, हे त्यातून स्वच्छ दिसलं. पिलोकार्पिनवर धन प्रभार असतो, म्हणून ते आजही धन ध्रुवाखालीच ठेवतात.

ही सोयरीक जुळवली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लुईस गिब्सन आणि रॉबर्ट कुक यांनी, 1959 मध्ये. तपासणीचे टप्पे आजही तेच आहेत. हाताची कोपर ते मनगट यांमधली आतली बाजू धुऊन कोरडी करायची, आणि दोन्ही ध्रुव त्याच हातावर बांधायचे, म्हणजे वीज छातीतून जात नाही. बाळ फार लहान असेल तर मांडी वापरतात. जास्तीत जास्त 4 मिलिअँपिअर प्रवाह पाच मिनिटं सोडायचा. मग कातडी ऊर्ध्वपातित पाण्यानं पुसायची, आधी वजन केलेला गॉझ किंवा फिल्टर पेपर चिमट्यानंच तिथे ठेवायचा, वरून हवाबंद झाकायचा आणि अर्ध्या तासानं उचलून पुन्हा वजन करायचं. बोट लागलं तर करणाऱ्याच्या घामाचं मीठही मोजलं जाईल.

दोन इंची चौकोनी गॉझवर किमान 75 मिलिग्रॅम घाम हवा, असा नियम आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. घाम मंद गतीनं आला तर नळीला मीठ शोषायला जास्त वेळ मिळतो आणि क्लोराइड खोटंच कमी दिसतं. म्हणून चौरस मीटरमागे मिनिटाला निदान एक ग्रॅम घाम यावा, असं ठरलं. गॉझचं क्षेत्रफळ सुमारे 25 चौरस सेंटिमीटर. त्याला तीस मिनिटांनी गुणलं की 75 मिलिग्रॅम येतात. पुढे आलेल्या मॅक्रोडक्ट या उपकरणात घाम बारीक नळीच्या वेटोळ्यात चढतो. त्याचं क्षेत्रफळ गॉझच्या पाचव्या हिश्शाएवढं, म्हणून तिथे 15 मायक्रोलिटर पुरतात. घाम कमी पडला तर दोन जागांचा मिळवून भागवायचं नाही. तपासणी पुन्हा करायची.

उलटी चूक बाष्पीभवनाची. समजा बाळाच्या गॉझवर 120 मिलिग्रॅम घाम आला आणि त्यातलं खरं क्लोराइड 52 आहे. झाकण सैल राहिलं आणि वजन करण्याआधी 20 मिलिग्रॅम पाणी उडून गेलं. मीठ तेवढंच राहिलं, घाम मात्र 100 मिलिग्रॅम भरला. 52 ला 120 नं गुणून 100 नं भागलं की उत्तर येतं 62. सहाव्या हिश्शाचं पाणी उडालं आणि संशयित बाळ रोगी ठरलं! वेटोळ्याच्या नळीत हवेला जागाच उरत नाही, हा मॅक्रोडक्टचा मोठा फायदा.

म्हणूनच 60 ला एकटं न ठेवता त्याच्याखाली एक मधला पट्टा ठेवलाय. 30 पेक्षा कमी आलं तर आजाराची शक्यता कमी. 30 ते 59 आलं तर तपासणी पुन्हा करायची आणि जनुकाकडे वळायचं. पूर्वी सहा महिन्यांवरच्यांसाठी या पट्ट्याची खालची सीमा 40 होती. पण ज्यांचं क्लोराइड तिशीत आहे अशांतही काहींना आजार असल्याचं दिसत गेलं, आणि 2017 च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनं सर्व वयांसाठी 30 ठरवलं. वरच्या टोकालाही शंका घ्यावी लागते. 150 च्या पुढचा आकडा शरीरात सहसा संभवत नाही; तो आला तर आधी घाम गोळा करण्यात चूक शोधायची. कुपोषण, अधिवृक्क ग्रंथीचा दोष यांनीही आकडा चढतो, आणि अंगावर सूज असेल तर तो उतरतो.

1989 मध्ये सीएफटीआर हे जनुक सापडलं तेव्हा ही तपासणी मागे पडेल असं वाटायला हरकत नव्हती. पण जनुकात बदल दिसला तरी त्यानं नळीचं काम किती बिघडलं, हे घामच सांगतो. आयव्हाकॅफ्टर या औषधाच्या 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विशिष्ट बदल असलेल्या रुग्णांचं घामातलं क्लोराइड सरासरी 48 नं उतरलं. म्हणजे बंद वाट औषधानं उघडल्याचा पुरावा त्याच रीतीनं मिळाला. निदानासाठी शोधलेली मोजणी आता औषध लागू पडतंय का, हेही तपासते, आणि त्यासाठी गॉझचं वजन तितक्याच काटेकोरपणे करावं लागतं.